पैसे गेले की नाही हे ॲपलाच माहीत नसतं तेव्हा

मागच्या पावसाळ्यात बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेलो होतो, बिल झालं ३४० रुपये. स्कॅन केलं, पिन टाकला, चक्र फिरत राहिलं फिरत राहिलं आणि शेवटी स्क्रीनवर आलं, "अरेरे! काहीतरी चुकलं." खाली एकच मोठं निळं बटण, "पुन्हा प्रयत्न करा". मी दाबलं. दाबणारच ना, दुसरं दाबायला होतंच काय. परत पिन टाकला, हिरवी टिक आली, काउंटरवरचा डबा बोलला "तीनशे चाळीस रुपये प्राप्त झाले", आणि मी पिशवी उचलतोय तेवढ्यात तो परत एकदा तेच बोलला. दुकानदार काका म्हणाले, "अहो, दोनदा आले की."

आता गंमत अशी की माझं कामच ॲपमधली वाक्यं तपासायचं आहे. डेव्हलपर एक शीट पाठवतात, त्यात एरर मेसेज, बटणांवरचे शब्द, सगळ्या स्ट्रिंग्ज असतात आणि मी त्या वाचून सांगतो की हे कळतंय का, यात माणसाला दोष दिलाय का, पुढे काय करायचं ते सांगितलंय का. लोकांना वाटतं हे काम म्हणजे शुद्धलेखन आणि थोडा गोडवा. ऑफिसातसुद्धा बरेच जण तसंच समजतात, "जरा फ्रेंडली करून दे ना" म्हणतात, मग कुणीतरी "अरेरे!" आणि रडका इमोजी घालतं आणि सगळे खूश. पण त्या दिवशी माझे ३४० रुपये जास्तीचे गेले ते रडक्या इमोजीअभावी नाही. ॲपने मला खोटं सांगितलं म्हणून गेले. "चुकलं" म्हणालं, आणि चुकलं नव्हतंच, पहिलं पेमेंट व्यवस्थित झालं होतं.

का सांगितलं खोटं, तो भाग मला फार आवडतो, जरा सविस्तर लिहितो.

आपण यूपीआयने पैसे पाठवतो तेव्हा फोनवरून पैसे उडत काकांच्या फोनवर जात नाहीत. ॲप विनंती पाठवतं, ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेकडे जाते, तिथून आपल्या बँकेला निरोप जातो की याच्या खात्यातून एवढे कापा, बँक कापते आणि "कापले" असं उत्तर देते, मग काकांच्या बँकेला निरोप जातो की जमा करा, ती जमा करते आणि "केले" म्हणते, आणि मग हे सगळं उलट्या वाटेने आपल्या ॲपपर्यंत येतं. म्हणजे जाणाऱ्या चिठ्ठ्या आणि येणाऱ्या पोचा. यातली कुठलीही एक वाटेत हरवू शकते, आणि खरी गोम इथेच आहे, कारण चिठ्ठी हरवली काय आणि पोच हरवली काय, पाठवणाऱ्याला दोन्ही वेळी एकच दिसतं, शांतता.

समजा दोन डोंगरांवर दोन सरदार आहेत, मधल्या खोऱ्यात शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार. पहिला जासूद पाठवतो, "उद्या पहाटे." जासूद पोचला का पकडला गेला, काय माहीत? म्हणून दुसऱ्याने पोच पाठवायची. पण आता दुसऱ्याला शंका, माझी पोच पोचली का? नसेल तर पहिला निघणारच नाही आणि मी एकटा मरणार. मग पोचेची पोच हवी. मग तिचीही पोच. हे कधीच संपत नाही, कारण शेवटचा जासूद पाठवणारा नेहमी अंधारातच राहतो. खोरं धोक्याचं असेल तर कितीही जासूद पाठवले तरी दोघांची शंभर टक्के खात्री पटूच शकत नाही, आणि हे काही हुशारी कमी पडली म्हणून नाही, तसं गणिताने सिद्ध झालेलं आहे. १९७५ च्या एका पेपरात हा प्रश्न आला आणि डेटाबेसवाल्या जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींचं नाव दिलं.

(दर थोड्या महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतं की बुध वक्री आहे, ऑनलाईन व्यवहार टाळा. बुध वर्षातून तीन-चार वेळा उलटा चालताना दिसतो, तेही आपण पृथ्वीवरून बघतो म्हणून. पोच मात्र कुठल्याही दिवशी हरवू शकते, त्याला पंचांग लागत नाही.)

तर ॲप काय करतं? ठराविक वेळ वाट बघतं आणि मग थांबतं, याला टाइमआउट म्हणतात. आणि नेमकं इथे बऱ्याच ॲपच्या आत असं काहीतरी लिहिलेलं असतं:

```
if result == SUCCESS:
    show("पेमेंट झालं")
else:
    show("काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा")
```

बघा, दोनच पेट्या आहेत, झालं आणि नाही झालं. शिल्लक कमी असेल तर बँक स्पष्ट नकार देते, यूपीआयमध्ये त्याचा कोड Z9, ते "नाही झालं" या पेटीत बरोबर बसतं. पण टाइमआउट म्हणजे नकार नाही, टाइमआउट म्हणजे "माहीत नाही". त्या `else` ने "नाही" आणि "माहीत नाही" एका पोत्यात कोंबले. आता त्या वाक्याचं मराठी मी कितीही सुंदर केलं तरी ते खोटंच राहणार. म्हणून मेसेज तपासताना माझा पहिला प्रश्न डेव्हलपरला असतो, की हे वाक्य दिसतं त्या क्षणी ॲपला नक्की काय माहिती असतं? शीटमध्ये त्यासाठी वेगळा कॉलमच ठेवलाय. अर्ध्या ओळींसमोर उत्तर येतं "बघून सांगतो", आणि मग सहसा तिथेच घोळ सापडतो.

आणि ते निळं बटण. प्रत्येक व्यवहाराला एक आयडी असतो. त्याच आयडीने बँकेला परत विचारलं की "याचं काय झालं?" तर काही धोका नाही, पैसे दुसऱ्यांदा कापले जात नाहीत. पण माझ्या ॲपमधलं "पुन्हा प्रयत्न करा" हे बटण नवीन आयडी काढून नवीन पेमेंट सुरू करत होतं. बँकेच्या दृष्टीने मी गोळ्यांचे दोन वेगवेगळे व्यवहार केले, बँकेची काहीच चूक नाही. म्हणजे "पुन्हा प्रयत्न करा" या तीन शब्दांत दोन पूर्ण वेगळी कामं लपली होती, परत विचारणं आणि परत पैसे देणं, आणि बटणावरून कुठलं होणार ते कळायला मार्गच नाही.

मी असं वाक्य शीटमध्ये आलं तर काय करतो ते सांगतो. टाइमआउटची ओळ वेगळी काढायला लावतो, मग लिहितो:

"बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. ३४० रुपये कापले गेले असतील किंवा नसतील, आम्ही तपासतोय. तोपर्यंत परत पैसे पाठवू नका."

बटण: "स्थिती तपासा". तोच आयडी, नुसती चौकशी. दुसरं, छोटं: "व्यवहार क्रमांक बघा", कारण दुकानात वाद झाला की तो १२ आकडी क्रमांकच कामाला येतो. "ठीक आहे" असं बटण मी काढून टाकतो, काहीही ठीक नसताना माणसाकडून ठीक आहे म्हणवून घ्यायचं हा काय प्रकार आहे. आणि "रद्द करा" तर अजिबात नाही, काय रद्द होणार, पेमेंट की नुसती खिडकी? निघून गेलेली चिठ्ठी ॲपला परत बोलावता येत नाही, मग तसं वचन द्यायचं कशाला. "बंद करा" लिहावं.

पुढे काय, हेही नेमकं लिहिता येतं. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. त्यानुसार आपल्या खात्यातून कापले पण समोरच्या माणसाच्या खात्यात जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला पेमेंट पोचल्याचं कळलंच नाही तर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे "लवकरच परत मिळतील" ऐवजी सरळ तारीख छापता येते, "२४ जुलैपर्यंत परत येतील, नाही आले तर इथे तक्रार करा". "लवकरच" हा शब्द दिसला की मी लाल करतो.

आता दोष देण्याचं. इथे मराठीत एक सोय आहे जी मला भारी वाटते. पोरगं कप पाडतं आणि म्हणतं "कप फुटला", आई म्हणते "फोडलास". एकच घटना, पण फुटणं आणि फोडणं वेगळं. एरर मेसेजमध्ये आपण आईसारखे बोलतो, "तुम्ही चुकीचा पिन टाकला". त्याऐवजी "पिन जुळला नाही, आणखी एकदा टाकता येईल, त्यानंतर पिन काही काळ बंद होईल" असं म्हटलं की दोष गेला आणि माहिती वाढली. पण हीच युक्ती कंपन्या स्वतःची कातडी वाचवायलाही वापरतात, "व्यवहार अडकला" म्हणतात, जणू पावसात बैलगाडी अडकली. सर्व्हर त्यांचा बंद असेल तर "आमची यंत्रणा बंद आहे" असंच लिहायला हवं. म्हणजे माणसाकडून चूक झाली तर "फुटला", कंपनीकडून झाली तर "आम्ही फोडला", असा माझा साधा हिशोब.

सगळीकडे स्पष्ट बोलता येत नाही हेही खरं. लॉगिनला "नाव किंवा पासवर्ड जुळत नाही" असं मोघम मुद्दाम लिहितात, नाव बरोबर पण पासवर्ड चूक असं सांगितलं तर चोराला अर्धं उत्तर फुकट मिळतं. जोखमीमुळे अडवलेला व्यवहार (कोड U16) का अडवला हेही सगळं सांगत नाहीत, तिथे निदान "पैसे कापले नाहीत, बँकेशी बोला" एवढं हवं. आणि जागेचं रडगाणं वेगळंच, मागे एकदा माझं "स्थिती तपासा" छोट्या फोनवर "स्थिती तपा…" झालं, आणि वरची वेलांटी बटणाच्या कडेने कापली गेली. तेव्हापासून शीटवर विश्वास ठेवत नाही, सगळ्यात स्वस्त फोनवर अक्षरं मोठी करून बघतो.

शेवटी एक परीक्षा घेतो. स्क्रीन पाच-सहा जणांना दाखवतो, त्यातले दोन तरी आईबाबांच्या वयाचे, मग फोन उलटा ठेवून दोनच गोष्टी विचारतो, पैसे गेले का? आणि आता तुम्ही काय करणार? "अरेरे" वाला मेसेज दाखवल्यावर माझ्या आईने पहिल्याचं उत्तर दिलं "नाही गेले" आणि दुसऱ्याचं "परत पाठवीन". वर लिहिलेला दाखवला तर म्हणाली, "माहीत नाही म्हणतोय तो. थांबते जरा."

माझ्या ३४० रुपयांचं म्हणाल तर ते परिपत्रक माझ्या कामाचं नव्हतं, कारण दोन्ही पेमेंट यशस्वी झाली होती, अडकलं काहीच नव्हतं, आपोआप परत काय येणार. काकांनी वहीत बाबांच्या नावापुढे जमा लिहून ठेवले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन जा, स्कॅन करू नका."