अपमानविनोद : अतिशयोक्ती आणि विसंगत उपमा

समोरच्या व्यक्तीच्या एखाद्या लकबीला अशक्य कोटीपर्यंत ताणून केलेली, हसवण्यासाठीची निंदा. तिचे सर्वांत जुने रूप कोणते, याविषयी एकमत नाही. इ. स. पू. सातव्या शतकातील ग्रीक कवी आर्किलोकस याच्या निंदाकाव्यापासून काही अभ्यासक सुरुवात धरतात. मात्र त्या काव्यातील निंदा बोचरी असली, तरी ती खरी मानली जावी असाच तिचा रोख दिसतो. अतिशयोक्तीवरच उभा असलेला विनोद रोमन सम्राट नीरोच्या काळातील लुकिलियस याच्या ग्रीक सुभाषितांत स्पष्ट आढळतो, म्हणून ती सुरुवात अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या एका कवनातील कृश माणूस, सर्व वस्तू अतिसूक्ष्म अणूंच्या बनलेल्या असतात असे मानणारा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या अणूला डोक्याने भोक पाडून आरपार जातो.

अतिशयोक्ती येथे केवळ शोभेची नसते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कृष्णवर्णीय मुलांच्या शाब्दिक चकमकींचा अभ्यास करून १९७२ मध्ये दाखवले, की अशी निंदा उघडपणे खोटी असावी लागते. ती खरी ठरण्याजोगी असली, की खेळ संपतो आणि वैयक्तिक अपमान उरतो. फरक उत्तरावरून कळतो : खेळात टोल्याला टोला मिळतो, अपमान झाला असेल, तर ऐकणारा इन्कार करतो किंवा सबब सांगतो.

रचना करताना प्रथम एकच लकब घ्यावी, शक्यतो त्या व्यक्तीला स्वतःला मान्य असलेली. समजा, ती संथ चाल आहे. ‘तू फार हळू चालतोस’ ही नुसती तक्रार झाली. दुसऱ्या पायरीवर त्या लकबीचा दिसणारा परिणाम शोधावा : लोक पुढे निघून जातात. तिसऱ्या पायरीवर तो परिणाम अशक्य करावा : ‘तुझ्यामागची गोगलगाय हॉर्न वाजवते.’ येथे हॉर्नमुळे जान आली, पण गोगलगाय अपेक्षितच आहे. म्हणून चौथ्या पायरीवर उपमान दूरच्या क्षेत्रातून आणावे : ‘तू चालायला लागलास, की नकाशावाले तुला टेकडी म्हणून नोंदवतात.’ उपमेय माणूस, उपमान टेकडी, साधारण धर्म जागचे न हलणे. हा धर्म नेमका एकच आणि तत्काळ कळणारा हवा. तो समजावून सांगावा लागला, तर उपमान विसंगत नसून असंबद्ध आहे. शेवटी शब्दक्रम पाहावा. मराठीत क्रियापद अखेरीस येते, त्यामुळे धक्क्याचा शब्द (येथे ‘टेकडी’) त्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा आणि पुढे स्पष्टीकरण जोडू नये.

दोन उपमाने एकत्र आणल्यास दोन्हींची धार जाते. ज्याची चाल दुखण्यामुळे मंदावली आहे, त्याच्यावर हेच वाक्य चालत नाही. टेकडी अशक्य असली, तरी मंद चालीचे कारण खरे असते आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष तिकडेच जाते.