नोकरभरतीचं अंतर्गत लेखापरीक्षण : फाइलमधल्या तारखा आधी लावा

सांगली-साताऱ्याकडच्या संस्थांमध्ये 'भरतीचं ऑडिट लागलंय' म्हटलं की आस्थापना विभागात झेरॉक्सची धांदल सुरू होते. आम्हाला मात्र कागद मोजके लागतात: जाहिरात, अर्ज, निवड समितीचं इतिवृत्त, मंजुरीचा ठराव, नेमणूक आदेश, रुजू अहवाल, प्रमाणपत्रं, सेवापुस्तक आणि पहिलं पगारपत्रक. भरतीच्या धोरणाला अपवाद करून झालेल्या सगळ्या नेमणुका तपासायच्या. बाकीच्यांतून नमुना निवडायचा.

फाइल हातात आली की मी आधी तारखा एका कागदावर क्रमाने उतरवतो. राज्य शासनाची वेतनश्रेणी लागू असलेल्या एका संस्थेतल्या लिपिक-टंकलेखकाची फाइल अशी होती: अर्जाची मुदत १५ मे २०२३, टंकलेखन परीक्षेचा निकाल ९ जून, नेमणूक आदेश ३ जुलै, रुजू ५ जुलै, कार्यकारी मंडळाचा ठराव १८ जुलै.

टंकलेखनाचं प्रमाणपत्र खरंच होतं. पण जाहिरातीत 'अर्जाच्या अंतिम दिनांकास अर्हता आवश्यक' असं छापलेलं, म्हणजे त्या दिवशी उमेदवार पात्रच नव्हता. छाननी तक्त्यात बरोबरची खूण होती, तारखेचा रकानाच नव्हता. 'मूळ प्रत पाहिली' हा शिक्काही पुरत नाही. पदवीची खात्री विद्यापीठाकडून, टंकलेखनाची परीक्षा परिषदेकडून करून घ्यावी आणि ते उत्तर फाइलला लावावं. मंजुरीचं तर उघडच आहे, आदेश आधी निघाला आणि ठराव मागून आला.

खरी मेख वेतननिश्चितीत होती. लिपिकाचा स्तर एस-६, सुरुवातीचं मूळ वेतन १९,९००. याला दिले २१,१००, म्हणजे पूर्वानुभवाच्या दोन आगाऊ वेतनवाढी. धोरणात तशी सोय आहे, पण निवड समितीची शिफारस आणि मंडळाची मंजुरी असेल तरच. इतिवृत्तात शिफारशीचा शब्द नव्हता, ठरावात फक्त 'नेमणुकीस मान्यता'. अनुभवाचा दाखला एका दुकानाचा, तीन वर्षांचा. भविष्य निर्वाह निधीत त्याची नोंद नाही, पण तेवढ्यावरून दाखला खोटा म्हणता येत नाही, कारण वीसपेक्षा कमी कामगार असलेल्यांना तो कायदा सहसा लागत नाही. अशा वेळी पगार जमा झालेलं बँक पासबुक मागावं.

फरक महिन्याला १,२००, वर्षाला १४,४०० आणि त्यावर महागाई भत्ता. पहिल्या वेतनवाढीनंतर हवे होते २०,५००, मिळाले २१,७००. त्यापुढच्या वेतनवाढीला २१,१००च्या जागी २२,४००, म्हणजे फरक १,३००. चूक वेतनवाढीबरोबर स्वतःच वाढते, म्हणून पहिलं पगारपत्रक बघायचं, चालू महिन्याचं नाही.

वसुली करायची की नाही, हे आम्ही ठरवत नाही. आमच्या शेऱ्यात नियम, प्रत्यक्ष काय घडलं आणि रक्कम येते. आस्थापनेचा खुलासा त्याखालीच जोडतो. इथे खुलासा आला, 'अनुभव विचारात घेऊन'. कोणी विचारात घेतला, ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून शेरा कायम ठेवला.