बुडीत खर्चाचा हेत्वाभास

बुडीत खर्चाचा हेत्वाभास : जो खर्च होऊन गेला आहे आणि आता कोणत्याही निर्णयाने परत मिळणार नाही, त्या खर्चाच्या आधारावर एखादे काम पुढे चालू ठेवण्याचा निर्णय घेणे. अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि प्राणिवर्तनशास्त्र या तिन्ही शाखांत ही संकल्पना येते. खर्च पैशाचाच असावा लागतो असे नाही. गेलेला वेळ व घेतलेले कष्ट यांनाही ती लागू पडते.

‘बुडीत’ हा शब्द मराठीत प्रामुख्याने बुडीत कर्जामुळे परिचित आहे, त्यामुळे थोडा घोटाळा संभवतो. बुडीत कर्जात तोटा झालेला असतो. बुडीत खर्चात तोटा झालाच असला पाहिजे असे नाही. उत्तम चाललेल्या कारखान्याचा पाया खणण्यासाठी आलेला खर्चही बुडीतच असतो, कारण पाया उकरून तो परत मिळत नाही. ‘हेत्वाभास’ ही संज्ञाही येथे सैल अर्थाने रूढ झाली आहे. न्यायशास्त्रात सदोष हेतूला हेत्वाभास म्हणतात. ‘इतका खर्च झाला आहे, म्हणून काम पुढे न्यावे’ या विधानातील हेतू सदोष आहे, एवढ्यापुरती ती योग्य ठरते. मानसशास्त्रज्ञ मात्र बहुधा ‘बुडीत खर्चाचा परिणाम’ असे सावध नाव वापरतात. त्यात वर्तनाचे वर्णन आहे, दोषारोप नाही.

झालेला खर्च निर्णयात का मोजू नये, हे हिशेबातून स्पष्ट होते. समजा, एका प्रकल्पाचा अंदाजित खर्च १०० एकके होता व त्यातून १२० एकके मिळतील अशी अपेक्षा होती. ९० एकके खर्च झाल्यावर परिस्थिती बदलली आणि पूर्ण झालेल्या प्रकल्पातून केवळ ८ एकके मिळतील असे दिसू लागले. काम थांबवले तर एकूण तोटा ९०. आणखी १० घालून ते पूर्ण केले तर तोटा ९२. दोन्ही बेरजांत ९० ही रक्कम सारखीच आहे, म्हणून ती वजा केली तरी निर्णय बदलत नाही. उरतो तो प्रश्न एवढाच : १० देऊन ८ घ्यायचे का?

याच पद्धतीने उलट निष्कर्षही निघू शकतो, आणि हे अनेकदा दुर्लक्षिले जाते. अपेक्षित प्राप्ती ८ ऐवजी २५ असेल, तर काम पूर्ण केल्यावर एकूण तोटा ७५ होतो व थांबवल्यास ९०. म्हणजे एकंदरीत तोट्यात जाणारा प्रकल्पही पूर्ण करणे शहाणपणाचे असू शकते. ‘आधीच फार पैसे गेले, आता एक छदामही नको’ असे म्हणून तो सोडून देणाराही गेलेल्या खर्चाकडे पाहूनच निर्णय घेत असतो; फक्त त्याची चूक विरुद्ध दिशेची असते.

प्रत्यक्षात अडचण येते ती नेमका कोणता खर्च बुडाला हे ठरवताना. वरील दुसऱ्या उदाहरणात आणलेली यंत्रसामग्री आज २० एककांना विकता येत असेल आणि काम पूर्ण केल्यास ती वापरून संपणार असेल, तर ९० पैकी २० बुडालेलेच नाहीत. थांबण्यातून २० मिळतात, पुढे जाण्यातून निव्वळ १५. म्हणून थांबणे योग्य. उलट, काम थांबवल्यास करारानुसार ५ एककांची भरपाई द्यावी लागत असेल, तर पहिल्या उदाहरणाचा निकालही फिरतो. थांबण्याची किंमत ५, पुढे जाण्याची केवळ २. विक्रीमूल्य व भरपाई या दोन्ही रकमा अजून घडायच्या आहेत, म्हणून त्या हिशेबात धरल्याच पाहिजेत. हिशेबवहीतील रकमेवर मात्र याबाबत विसंबता येत नाही. तेथे यंत्राची नोंद खरेदीच्या किमतीतून घसारा वजा करून केलेली असते. आज बाजारात त्याचे काय येईल, हे ती सांगत नाही.

संकल्पनेचा उगम कोणाकडे द्यावा, याविषयी एकमत नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ मधील आपल्या ग्रंथात म्हटले होते, की व्यापारात गेलेले ते कायमचे गेलेले असते आणि वस्तूचे मूल्य प्रत्येक क्षणी पुढील उपयुक्ततेकडे पाहूनच ठरते. काही अभ्यासक येथून सुरुवात मानतात. तथापि जेव्हन्स यांच्यासमोर प्रश्न मूल्याचा होता : एखाद्या वस्तूवर किती श्रम खर्ची पडले यावरून तिचे मूल्य ठरते काय? माणसे गेलेल्या खर्चाला चिकटून का राहतात, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्यामुळे त्यांच्याकडे नियमाचे श्रेय देता येते. त्या नियमापासून ढळण्याच्या अभ्यासाचे देणे कठीण आहे.

हा दुसरा प्रश्न १९७२ ते १९८० या काळात तीन ठिकाणी, बहुधा परस्परांशी फारसा संबंध नसताना, पुढे आला. जीवशास्त्रात रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये असे मांडले होते, की ज्या पालकाने पिलांवर अधिक गुंतवणूक केली आहे तो त्यांना सोडून जाण्याची शक्यता कमी, कारण त्याचे अधिक नुकसान होईल. रिचर्ड डॉकिन्स व टी. आर. कार्लाइल यांनी १९७६ मध्ये या युक्तिवादातील दोष दाखवला : नैसर्गिक निवडीच्या दृष्टीने पूर्वी किती घातले याला महत्त्व नाही, पिलू वाढवण्यासाठी यापुढे किती घालावे लागेल याला आहे. कॉन्कॉर्ड विमानाचे नाव या चुकीला जोडले गेले ते या चर्चेतून. त्याच वर्षी बॅरी स्टॉ यांनी व्यवस्थापनशास्त्रात दाखवले, की ज्यांनी अपयशी ठरलेला पर्याय स्वतः निवडला होता ते त्याच पर्यायात, दुसऱ्याने निवड केलेल्यांपेक्षा, अधिक निधी ओततात. अर्थशास्त्रात रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या वर्तनाला ‘बुडीत खर्चाचा परिणाम’ हे नाव दिले. आज रूढ असलेला अर्थ पाहता थेलर यांच्या मांडणीला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक दिसते.

कॉन्कॉर्डचे उदाहरण जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते, पण ते निर्दोष नाही. ब्रिटन व फ्रान्स यांच्यात २९ नोव्हेंबर १९६२ रोजी करार झाला, तेव्हा विकासखर्चाचा अंदाज सुमारे १५ ते १७ कोटी पौंड होता. २१ जानेवारी १९७६ रोजी प्रवासी सेवा सुरू होईपर्यंत तो १०० कोटी पौंडांच्या पुढे गेला. या वाढीत चलनवाढीचाही वाटा आहे. प्रवासी सेवेत अवघी १४ विमाने आली, म्हणजे विकासखर्च वसूल होणे शक्यच नव्हते. परंतु १९६२ च्या करारात माघार घेण्याचे कलम ठेवलेले नव्हते. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने प्रकल्प सोडण्याचा विचार केला, तेव्हा फ्रान्स आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन मोठी भरपाई मागू शकेल ही भीती पुढे आली. ही भरपाई भविष्यातील खर्च होती. बुडीत खर्च नव्हे. म्हणून निदान त्या वर्षीचा ब्रिटनचा निर्णय या हेत्वाभासाखाली टाकता येत नाही. नंतरच्या वर्षांतील निर्णयांविषयी असे ठामपणे म्हणणे अवघड आहे.

प्रायोगिक पुराव्यात हॅल आर्क्स व कॅथरिन ब्लूमर यांचा १९८५ चा शोधनिबंध मूलभूत मानला जातो. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचे तिकीट घेणाऱ्या पहिल्या ६० जणांना त्यांनी यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागले. एका गटाकडून पूर्ण १५ डॉलर घेतले, इतर दोघांना अनुक्रमे २ व ७ डॉलरची सूट दिली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत देणाऱ्यांनी सरासरी ४.११ तिकिटे वापरली, सूट मिळालेल्यांनी ३.३२ व ३.२९. नाटके तीच, आसने तीच. उत्तरार्धात हा फरक उरला नाही. म्हणजे दिलेल्या पैशाची टोचणी काही महिन्यांत बोथट होते, असे दिसते.

त्याच निबंधातील दुसरा प्रयोग अधिक गाजला. रडारला न दिसणाऱ्या विमानाच्या संशोधनावर तुम्ही १ कोटी डॉलर गुंतवले आहेत, काम ९० टक्के झाले आहे, आणि तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने याहून वेगवान व स्वस्तात चालणारे तसेच विमान बाजारात आणले. उरलेला १० टक्के निधी घालावा काय? ४८ पैकी ४१ जणांनी होकार दिला. पूर्वीच्या गुंतवणुकीचा उल्लेख वगळून, शेवटचे १० लाख डॉलर अशा विमानावर लावावेत काय, असे विचारल्यावर ६० पैकी केवळ १० जणांनी होकार दिला.

या तुलनेत एक फट आहे. पहिल्या प्रश्नात उरलेल्या पैशातून जवळजवळ तयार विमान हाती येते. दुसऱ्यात विमानाचे काम कुठवर आले आहे, हे सांगितलेलेच नाही. पूर्ततेच्या जवळ असणे हा भविष्याविषयीचा मुद्दा आहे आणि तो मोजणे चूक नाही. डोनाल्ड कॉनलन व हॉवर्ड गारलँड यांनी १९९३ मध्ये झालेला खर्च व झालेले काम हे दोन घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा निर्णयावर प्रभाव मुख्यतः कामाच्या प्रगतीचा आढळला, खर्चाचा नव्हे. त्यामुळे विमानाच्या प्रयोगापेक्षा नाट्यगृहाच्या प्रयोगावर अधिक भिस्त ठेवणे योग्य.

कारणांबाबत दोन मते प्रचलित आहेत. थेलर यांच्या मते माणूस प्रत्येक व्यवहाराचे मनात स्वतंत्र खाते उघडतो आणि ते तोट्यात बंद करणे त्याला जड जाते. स्टॉ यांचा भर स्वतःचा पूर्वीचा निर्णय योग्य ठरवण्याच्या धडपडीवर आहे. नाट्यगृहाचा निष्कर्ष पहिल्या मताला अधिक जवळचा आहे, कारण तेथे कोणी चुकीचा निर्णय घेतलेलाच नव्हता. मोठ्या संस्थांमध्ये दुसरे कारण प्रबळ असावे. काही वेळा ते व्यक्तीच्या दृष्टीने तर्कशुद्धही असते, कारण प्रकल्प बंद झाला की तो सुरू करणाऱ्याची पत जाते.

रखडलेल्या प्रत्येक प्रकल्पामागे हा हेत्वाभास असतो असे नाही. काम पूर्ण करण्यासाठी १० एकके लागतील व २५ मिळतील या अंदाजावर पुढे जाणे योग्यच होते. ती १० संपल्यावर पुन्हा १० लागतील असे कळले, तरी २५ समोर दिसत असल्याने पुन्हा पुढे जाणे योग्य. असे चार वेळा झाले की ४० एकके घालून २५ मिळतात, आणि तरीही कोणत्याही एका टप्प्यावर गेलेला खर्च मोजलेला नसतो. येथील दोष उरलेल्या कामाच्या अंदाजात आहे. तो ओळखण्याची खूण म्हणजे दर खेपेला झालेला खर्च वाढतो, पण ‘उरलेला’ खर्च कमी होत नाही. अशा वेळी मागील खर्चाचे आकडे पाहावे लागतात, ते वसुलीसाठी नव्हे, तर पुढचा अंदाज कितपत विश्वसनीय आहे हे तपासण्यासाठी.