बिल्ल्यावरून बीएमडब्ल्यू ओळखता येते का?

“डिकीवर ३३५आय लिहिलंय, म्हणजे गाडी ३३५आय आणि इंजिन साडेतीन लिटरचं, बरोबर ना?”

दोन्ही अंदाज कच्चे आहेत. २०१२च्या सुमाराच्या ३ सिरीजमध्ये (एफ३०) ३३५आयचं इंजिन ३ लिटरचं आहे आणि ३२८आयचं तर फक्त २ लिटरचं. आकडा ताकदीची पायरी सांगतो, इतकंच. त्यातून बिल्ला चिकटवलेला असतो. काढणं सोपं, दुसरा लावणं त्याहून सोपं.

म्हणून आधी धुराडी बघा. खऱ्या ३३५आयला दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. ३२०डीच्या नळ्या डावीकडेच असतात. मग दिवे. २०१५च्या फेसलिफ्टनंतर मागचे दिवे, इंडिकेटरसकट, पूर्ण एलईडी झाले आणि त्याच वेळी ३३५आयच्या जागी ३४०आय आली. त्यामुळे एलईडी इंडिकेटर असलेल्या गाडीवर ३३५आयचा बिल्ला दिसला, तर एकतर दिवे बदललेत किंवा बिल्ला. नुसत्या फोटोवरून यातलं नेमकं काय, हे ठरवता येत नाही.

बंपरवरची क्रोम पट्टी लक्झरी लाइन या सजावटीच्या पॅकेजकडे बोट दाखवते, इंजिनाकडे नाही. एम स्पोर्टचा बंपरही तसाच, तो ३२०डीलाही मिळायचा. खऱ्या एम३ला चार नळ्या असतात.