पत्ता काय सांगतो आणि पैसे मागणारा काय सांगतो

उदाहरणापुरते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक काका डोळ्यांसमोर आणू. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून त्यांची एका 'ट्रेडिंग प्लॅटफॉर्म'शी ओळख झाली आहे. त्यांना सांगितले गेले, की कंपनी २०१९पासून चालू आहे, हजारो खातेदार आहेत, सगळ्यांचे पैसे कंपनीच्या वॉलेटमध्ये जमा राहतात आणि हवे तेव्हा काढता येतात. आता २,००० यूएसडीटी पाठवायचे आहेत. यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो चलन, म्हणून रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यासाठी ट्रॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवरचा एक पत्ता, म्हणजे बँकेच्या खाते क्रमांकासारखी अक्षरे-आकड्यांची ओळ, व्हॉट्सॲपवर आला आहे. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो, "काका, पाठवू नका, आधी पत्ता बघू."

बघायचे म्हणजे नेमके काय बघायचे? बहुतेक जण पत्ता एखाद्या तक्रारींच्या साइटवर टाकतात, 'एकही तक्रार नाही' असे दिसले की सुटकेचा श्वास सोडतात आणि पैसे पाठवतात. इथेच घात होतो. पत्ता चांगला की वाईट हे सांगणारा यंत्राचा निकाल कुठेच मिळत नाही. मिळते ती व्यवहारांची सार्वजनिक नोंदवही. पैसे मागणाऱ्याने केलेला एकेक दावा त्या नोंदवहीशी ताडून पाहायचा, हे खरे काम आहे.

जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार काढतो, तशीच ही वही आहे. फरक एवढाच, की हिच्यात मालकाचे नाव नसते. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर, किती, कोणत्या मिनिटाला, हे सगळे असते आणि ते कोणालाही खोडता येत नाही. ही वही वाचायच्या साइटला ब्लॉक एक्सप्लोरर म्हणतात. ट्रॉनसाठी `tronscan.org`, इथेरियमसाठी `etherscan.io`, बिटकॉइनसाठी `mempool.space`. हे नाव ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करायचे, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून जायचे नाही. खोट्या एक्सप्लोररवर खोटी शिल्लक दाखवणे अवघड नसते. खऱ्या एक्सप्लोररवर पत्ता पाहायला वॉलेट जोडावे लागत नाही, आणि वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द तर तिथे कधीच मागत नाहीत. मागितले, तर ती साइट तत्क्षणी बंद करा.

पुतण्या आधी पत्त्याची ठेवण पाहतो. ट्रॉनचा पत्ता `T`ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. त्यात शून्य, कॅपिटल `O`, कॅपिटल `I` आणि स्मॉल `l` ही एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे मुद्दाम वगळलेली असतात. शेवटच्या भागात पडताळणीचा आकडा गुंफलेला असतो, त्यामुळे एखादे अक्षर चुकले तर चांगले वॉलेट तो पत्ता स्वीकारतच नाही. पण वॉलेटने पत्ता स्वीकारला याचा अर्थ तो लिहिण्यात चूक नाही, एवढाच. तो कोणाचा आहे, हे त्यातून कळत नाही.

मग तक्रारी. `chainabuse.com` या साइटवर जगभरचे लोक फसवणुकीचे पत्ते नोंदवतात आणि तिथे कोणताही पत्ता शोधता येतो. शिवाय पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत टाकून साध्या सर्च इंजिनवरही शोधावा. काकांच्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. काका म्हणतात, "बघ, स्वच्छ आहे."

स्वच्छ नाही, अनोळखी आहे. हे समजायला १५ जुलै २०२०ची घटना उपयोगी पडते. त्या दिवशी ट्विटरवरची नामवंतांची खाती हॅक करून 'या पत्त्यावर बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देऊ' असे संदेश टाकले गेले. मुख्य पत्ता एकच होता:

```
bc1qxy2kgdygjrsqtzq2n0yrf2493p83kkfjhx0wlh
```

पत्ता एकच आणि उघड असल्यामुळे कॉइनबेस या क्रिप्टो चलनांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजने तो आपल्या रोखलेल्या पत्त्यांच्या यादीत टाकला आणि हजाराच्या आसपास ग्राहकांचे पैसे तिकडे जाण्यापासून अडवले. यादी कामाला येते ती अशा वेळी. गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणाऱ्या टोळ्यांची पद्धत वेगळी असते. त्या थोड्याथोड्या दिवसांनी, कधी कधी प्रत्येक गिऱ्हाइकाला किंवा प्रत्येक भरण्याला, ताजा पत्ता देतात. नवा पत्ता बनवायला पैसाही लागत नाही आणि परवानगीही. तो पत्ता पहिल्यांदा वापरणारा माणूस म्हणजे आपले काका असतील, तर त्याविरुद्ध तक्रार करणार कोण?

म्हणून आता वही उघडू. काकांच्या पत्त्याला 'अ' म्हणू. ट्रॉनस्कॅनवर पत्ता टाकून टोकन ट्रान्सफरची, म्हणजे यूएसडीटीसारख्या चलनाच्या देवाणघेवाणीची, यादी काढली, की जुन्यातली जुनी नोंद पाहायची. ती नऊ दिवसांपूर्वीची निघते. दावा होता २०१९पासूनच्या कंपनीच्या वॉलेटचा. इतक्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, कारण कंपनी नवा पत्ता काढू शकते. पण 'सगळ्यांचे पैसे या वॉलेटमध्ये जमा राहतात' हा दावा पुढच्याच ओळींत कोसळतो. वेगवेगळ्या पत्त्यांवरून १००, ५००, १,०००, ३,००० असे गोल आकडे आत आले आहेत, आणि प्रत्येक रक्कम अर्ध्या तासाच्या आत पूर्णच्या पूर्ण एकाच पत्त्यावर गेली आहे. त्याला 'ब' म्हणू. 'अ'ची शिल्लक शून्य.

यादी वाचताना एक पथ्य पाळायचे. प्रत्येक नोंदीतले टोकन खरे यूएसडीटी आहे ना, हे पाहायचे, कारण त्याच नावाचे नकली टोकन कोणीही काढू शकतो आणि वॉलेटमध्ये मोठमोठ्या उलाढाली झाल्याचे दाखवू शकतो. ट्रॉनवरच्या खऱ्या यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ते चलन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता हा आहे:

```
TR7NHqjeKQxGTCi8q8ZY4pL8otSzgjLj6t
```

आता महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. शोध 'अ'वर थांबवायचा नाही, 'ब'वर जायचे. 'अ' ताजा असतो. 'ब'वर मात्र अनेक 'अ' रिकामे होतात, त्यामुळे तो सहसा जुना असतो आणि त्याचा माग राहतो. पुतण्या 'ब' उघडतो, तर 'अ'सारख्या दहा-बारा दिवसच जगलेल्या डझनावारी पत्त्यांमधून त्यात पैसे आलेले दिसतात. मग तो 'ब' तक्रारींच्या साइटवर टाकतो आणि तिथे मजकूर सापडतो. वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले, प्लॅटफॉर्मचे नाव दर वेळी निराळे, पण गोष्ट तीच: आधी थोडा नफा, मग मोठा भरणा, मग पैसे काढायच्या वेळी 'कर भरा' असा तगादा. तक्रार कोणीही लिहू शकतो, म्हणून एकटीदुकटी तक्रार खोटीही असू शकते. मात्र तारखा, भाषा आणि रकमा निरनिराळ्या असूनही गोष्ट जुळत असेल, तर तिला वजन आहे.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये असे एक वळण आहे. नामांकित एक्स्चेंजमध्येही प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र भरणा-पत्ता मिळतो, आणि त्यावर आलेले पैसे काही वेळात मुख्य वॉलेटमध्ये ओढले जातात. म्हणजे 'आले आणि लगेच गेले' हा आकृतिबंध सचोटीच्या ठिकाणीही दिसतो. फरक पुढच्या टप्प्यावर कळतो. एक्स्चेंजचे मुख्य वॉलेट वर्षानुवर्षे चालू असते, त्यात सतत प्रचंड उलाढाल असते आणि एक्सप्लोररने त्याला बहुधा एक्स्चेंजच्या नावाचे लेबल लावलेले असते. इथरस्कॅनवर वाईट पत्त्यांनाही लेबल असते, `Fake_Phishing` आणि पुढे क्रमांक.

समजा, 'अ'मधले पैसे थेट नामांकित एक्स्चेंजच्या लेबलवाल्या वॉलेटमध्ये गेले असते, तर? पुष्कळांना ते सुरक्षिततेचे चिन्ह वाटते. माझ्या मते ते उलटे वाचायला हवे. त्याचा अर्थ 'अ' हा त्या एक्स्चेंजवरच्या कोणा एका खातेदाराचा भरणा-पत्ता आहे. मग 'हे कंपनीचे स्वतःचे वॉलेट आहे' हा दावा खोटा ठरतो. एक्स्चेंज मोठे असल्याने खातेदार सचोटीचा ठरत नाही. अशा वेळी मुख्य वॉलेटवर शेकडो तक्रारी दिसल्या, तरी त्यांचाही उपयोग नाही, कारण त्या वॉलेटमधून लाखो लोकांचे पैसे जातात.

काकांकडे शेवटचा मुद्दा उरतो. "अरे, मागच्या आठवड्यात मी ५० काढून बघितले, मिळाले की!" छोटी रक्कम पाठवून किंवा काढून पाहिली, तर पत्ता चालतो आणि समोरचा अजून पैसे देतो आहे, एवढेच कळते. टोळ्या पहिली छोटी रक्कम मुद्दाम परत देतात. ती आली कुठून, हेही वहीत दिसते. पुतण्या ते ५० उलटे शोधत जातो, तर ते 'ब'मधून आलेले असतात, जिथे इतरांचे भरणे जमा होतात. खरे एक्स्चेंजही सामायिक वॉलेटमधून पैसे देते, म्हणून ही एकच गोष्ट पुरावा नाही. पण ज्या पत्त्यावर इतक्या तक्रारी आहेत, त्यातून आलेल्या पैशाला नफा म्हणता येत नाही. तो दुसऱ्या कोणाचा भरणा आहे.

तपासून झालेल्या पत्त्याबाबतही एक धोका उरतो. पुढच्या वेळी पाठवताना तो वॉलेटच्या जुन्या व्यवहारांतून उचलू नये. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जुळणारा पत्ता बनवून त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवली जाते, म्हणजे तो यादीत येऊन बसतो. मे २०२४मध्ये अशाच एका प्रकारात १,१५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे इथेरियमवर चालणारी बिटकॉइनच्या भावाची टोकन, तेव्हाच्या भावाने सुमारे ६.८ कोटी डॉलर, चुकीच्या पत्त्यावर गेले होते. नंतर ते बहुतांशी परत मिळाले, पण ते हल्लेखोराच्या मर्जीने. म्हणून मधली अक्षरेही ताडून पाहायची.

काकांनी पैसे आधीच पाठवले असते तर? १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा आणि `cybercrime.gov.in`वर तक्रार नोंदवायची. तक्रारीत स्क्रीनशॉटपेक्षा व्यवहाराचा ६४ अक्षरी हॅश, म्हणजे एक्सप्लोररवर दिसणारा त्याचा ओळखक्रमांक, मोलाचा असतो, कारण त्यावरून पोलिसांना तोच व्यवहार नेमका उघडता येतो. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते. मात्र पैसे त्या पत्त्यावर असेपर्यंतच त्याचा उपयोग, म्हणून तास महत्त्वाचे असतात. आणि तक्रारींच्या साइटवर लिहिताना फक्त 'अ' लिहून थांबू नये. 'ब'ही लिहावा, कारण पुढच्या माणसाला मिळणारा पत्ता नवा असेल, पण त्याचे पैसे बहुधा 'ब'मध्येच जातील.