एनपीएस: तुम्ही भरलेला आणि कंपनीने भरलेला

"सर, दर महिन्याला एनपीएस कापला जातोय, मग करात एका रुपयाचाही फरक का पडला नाही?" रिटर्न भरायच्या दिवसांत वाळूज आणि शेंद्र्यातल्या नोकरदारांकडून हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तर 'कापला जातोय' या दोन शब्दांतच आहे. पगारातून जो कापला जातो, तो तुमचा हप्ता. पगाराबरोबर कंपनी स्वतः जो भरते, तो कंपनीचा हप्ता. दोन्ही पैसे एकाच प्रान खात्यात जातात आणि एकाच फंडात गुंततात. पण आयकर कायदा त्यांना पूर्णपणे वेगळं वागवतो.

तुमचा स्वतःचा हप्ता कलम ८०सीसीडी(१) आणि ८०सीसीडी(१बी) मध्ये बसतो. एलआयसी, पीएफ यांच्या दीड लाखाच्या वर आणखी ५० हजारांची जी वजावट सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती ही १बीची. मात्र ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली घेतली की ही दोन्ही कलमं बंद. तुम्ही ३१ मार्चला घाईघाईने मोबाईलवरून ५० हजार भरले, तरी कर तेवढाच राहतो.

कंपनीचा हप्ता येतो कलम ८०सीसीडी(२) मध्ये, आणि हे कलम नव्या प्रणालीतही चालू आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून नव्या प्रणालीत खासगी नोकरदारालाही मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते. जुन्या प्रणालीत खासगी नोकरीला ही मर्यादा १० टक्केच आहे. घरभाडं, वाहन किंवा स्पेशल अलाउन्स या हिशोबात धरत नाहीत.

आता आकडे मांडून बघू. वाळूजच्या कारखान्यातला एक इंजिनिअर घ्या. मूळ वेतन महिना ६०,००० म्हणजे वर्षाला ७,२०,०००. सगळे भत्ते धरून वर्षाचा पगार १३,६५,०००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न उरतं १२,९०,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी त्यावर कर ७३,५००, आणि ४ टक्के सेस धरून ७६,४४०.

त्याच्या एचआरने स्पेशल अलाउन्स महिना ८,४०० ने कमी केला आणि तेवढीच रक्कम कंपनीचा एनपीएस हप्ता म्हणून भरायला सुरुवात केली असं समजा. वर्षाला १,००,८००, म्हणजे मूळ वेतनाचे बरोबर १४ टक्के. कंपनीचा एकूण खर्च तोच राहिला. पण करपात्र उत्पन्न आलं ११,८९,२०० वर. बारा लाखांच्या आत आल्याने कलम ८७ए ची सूट लागू झाली आणि कर शून्य. महिन्याला ८,४०० खात्यात जातात, कर वाचतो ६,३७०, म्हणजे हातात येणारा पगार महिन्याला फक्त २,०३० रुपयांनी घटतो. याच इंजिनिअरने तेच १,००,८०० स्वतःच्या खिशातून एनपीएसमध्ये भरले असते, तर ७६,४४० चा कर जसाच्या तसा भरावा लागला असता.

हे उदाहरण मी बारा लाखांच्या काठावरचं मुद्दाम घेतलं, कारण या पट्ट्यातले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना हे कुणी सांगत नाही. पण एवढा फायदा सगळ्यांना होत नाही. त्याचाच पगार १४,६५,००० असता, तर उत्पन्न बारा लाखांच्या खाली आलं नसतं आणि बचत फक्त १५ टक्क्यांच्या टप्प्याची झाली असती, सेस धरून साधारण १५,७२५. आणि पगार १२,७५,००० पर्यंतच असेल, तर नव्या प्रणालीत पगारावर कर मुळातच नाही. अशा माणसाने नुसता कर वाचवायला पैसे अडकवून ठेवू नयेत.

गडबड होते ती सॅलरी स्लिपवर. स्लिपला दोन बाजू असतात, मिळकत आणि कपात. कंपनीचा हप्ता सीटीसीच्या मांडणीत वेगळी ओळ म्हणून दिसला पाहिजे आणि त्यासाठी दुसरा एखादा भत्ता कमी झालेला असला पाहिजे. काही ठिकाणी पेरोलवाले भत्ते तसेच ठेवतात आणि एनपीएसची रक्कम सरळ कपातीत टाकतात. मग तो कायद्याच्या नजरेत तुमचाच हप्ता ठरतो आणि नव्या प्रणालीत वजावट मिळत नाही. वर्ष संपल्यावर हे दुरुस्त होत नाही. एकदा हातात आलेला पगार मागाहून कंपनीचा हप्ता म्हणून दाखवता येत नाही. म्हणून एप्रिलमध्येच एचआरशी बोला. कंपनीने कॉर्पोरेट एनपीएसची नोंदणी केलेली असायला हवी. तुमचं आधीचं प्रान खातं असेल तर नवं उघडायचं नाही, तेच कंपनीकडे वर्ग करून घ्यायचं.

दुसरी चूक फॉर्म १६ मध्ये सापडते. कंपनीने भरलेली रक्कम आधी तुमच्या एकूण पगारात मिळवायची आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा करायची, अशी कायद्याची रीत आहे. पगारात मिळवली पण वजा केली नाही, तर तुम्ही जास्त कर भरता. पगारात मिळवलीच नाही आणि तुम्ही रिटर्नमध्ये वजावट घेतली, तर तीच सूट दोनदा घेतल्यासारखं होतं आणि नोटीस येऊ शकते. २००५ नंतर लागलेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी हे नीट तपासावं. एनपीएसमध्ये त्यांचे स्वतःचे १० टक्के कापले जातात आणि शासन १४ टक्के भरतं. नव्या प्रणालीत त्यांच्या १० टक्क्यांना वजावट नाही, शासनाच्या १४ टक्क्यांना आहे. पण ती घेण्याआधी शासनाचा वाटा फॉर्म १६ च्या एकूण पगारात धरलाय का, ते बघायचं.

पैसे काढतानाही या दोन हप्त्यांत फरक पडतो. मुलीचं लग्न, शिक्षण, घर किंवा आजारपण यासाठी तीन वर्षांनंतर जी अंशतः रक्कम काढता येते, ती तुमच्या स्वतःच्या हप्त्यांच्या २५ टक्क्यांपर्यंतच. कंपनीने भरलेला भाग त्या हिशोबात येत नाही. सगळा एनपीएस कंपनीच्या वाटेने गेला, तर अडीअडचणीला या मार्गाने जवळपास काहीच हाती लागत नाही. पेरणीच्या तोंडावर घरी पैसे पाठवावे लागतात, दुष्काळी वर्षात भावाचं कर्ज अंगावर येतं, अशा घरातल्या माणसाने १४ टक्क्यांपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. वरच्या इंजिनिअरला बारा लाखांच्या आत यायला ९०,००० च पुरतात. महिना ७,५०० भरले तरी त्याचा कर शून्यच होतो.

नोकरी बदलली तरी खातं आणि त्यातली रक्कम तुमचीच राहते. नव्या कंपनीत ही सोय नसेल, तर तिथून पुढे भरलेला प्रत्येक रुपया पुन्हा तुमचा हप्ता. खरी स्थिती कळायला प्रान खात्याचं व्यवहारपत्रक उघडा. त्यात प्रत्येक महिन्याच्या नोंदीपुढे कर्मचाऱ्याचा आणि नियोक्त्याचा वाटा वेगवेगळ्या रकान्यांत दिसतो. नियोक्त्याच्या रकान्यात शून्य दिसलं, तर ते पत्रक आणि सॅलरी स्लिप घेऊन त्याच महिन्यात पेरोल विभागात जा. मार्चची वाट बघू नका.