गुडघ्यामागची गाठ चोळून फोडावी का?

"गुडघ्यामागे पाण्याची गाठ आहे. जोरात चोळून फोडली की कायमची जाते ना?"

नाही, उलट त्रास वाढतो. हे पाणी सांध्यातलंच असतं. गुडघ्याची झीज, संधिवात किंवा आतली गादी फाटणं यामुळे सांध्यात वंगण जास्त तयार होतं आणि मागच्या पिशवीत साठतं. यालाच बेकर सिस्ट म्हणतात. पाय ताठ केला की ही गाठ टणक लागते, गुडघा वाकवला की मऊ पडते. नुसतं सुईने पाणी काढलं तर मूळ दुखणं तसंच राहून ती बहुधा पुन्हा भरते. म्हणून उपचार गुडघ्यावर करायचे. दुखत नसेल तर गाठीला हातही लावू नये.

ती फुटली तर पाणी पोटरीत उतरतं. पोटरी अचानक ठणकते, सुजते, लाल होते, कधी घोट्याजवळ निळसर डाग दिसतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच सुजते, आणि नुसतं बघून फरक डॉक्टरांनाही सांगता येत नाही. अशा वेळी मालिश अजिबात नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉपलर सोनोग्राफीबद्दल विचारा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सी गाठा. गाठ लाल, गरम होऊन ताप आला तरीही थांबू नका.